छातीच्या सीटीचा एक स्लाइस: राउंडला काय सांगायचं आणि कोणत्या क्रमाने

आज समोर बसलेल्यांपैकी बरेचजण येत्या आठवड्यात इंटर्नशिप सुरू करणार आहेत. काहींचे आईवडीलही आलेत, त्यांना सगळं कळेल अशा भाषेत बोलायचा आम्ही प्रयत्न करू. विषय अगदी छोटा घेतलाय. सकाळचा राउंड चालू आहे, युनिटचे सर किंवा मॅडम खाटेशी थांबलेत, तुमच्या हातात छातीचा सीटी आहे, आणि ते म्हणतात, "सांग, काय दिसतंय?" पुढच्या दीड मिनिटात तुम्ही काय बोलायचं, एवढंच.

साधारणपणे काय ऐकू येतं ते आधी सांगतो. "सर, टीबीची कॅव्हिटी आहे." बस्स. या वाक्यात बाजू नाही, जागा नाही, माप नाही, आणि जे सांगितलंय ते चित्रात दिसत नाही. चित्रात पोकळी दिसते. टीबी दिसत नाही. टीबी हा आपण काढलेला अर्थ आहे, आणि तो पहिल्याच वाक्यात काढला की पुढे कुणी बघतच नाही.

यासाठी एक रुग्ण घेऊ. ही केस आम्ही दोन-तीन रुग्णांवरून जुळवली आहे, वय, गाव वगैरे बदललेलं आहे. पण घाटीत बीड, जालना, परभणीकडून येणाऱ्या रुग्णांमध्ये असं चित्र तुम्हाला नक्की भेटेल.

अठ्ठेचाळीस वर्षांचे शेतकरी. सहा वर्षांपूर्वी फुप्फुसाचा टीबी झाला, औषधांचा कोर्स पूर्ण केला, बरे झाले. गेले दोन आठवडे खोकल्यातून रक्त येतंय. आधी बेडक्यात रेषा दिसायच्या, काल रात्री एकदम अर्धा पेला रक्त पडलं, १०० मिलिलिटरच्या आसपास. ताप नाही, वजन घटलेलं नाही. पहाटे सीटी झाला. रिपोर्ट अजून यायचाय. राउंड साडेनऊला.

आता बघा, हातात काय आहे. सीटी म्हणजे छातीच्या आडव्या चकत्या, काकडीच्या असाव्यात तशा. हल्ली एक-दीड मिलिमीटर जाडीच्या दोनशे-तीनशे चकत्या असतात. राउंडला सगळ्या दाखवायला वेळ नसतो, म्हणून एक निवडायची: ज्यात मुख्य गोष्ट सगळ्यात स्पष्ट दिसते ती.

पहिलं वाक्य मात्र चित्राबद्दल नाहीच. कुणाचा सीटी, कोणत्या तारखेचा, काँट्रास्ट देऊन की न देता, रुग्ण उताणा की पालथा. कोपऱ्यातलं नाव आणि नंबर केसपेपरशी ताडून बघा. (नाव सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं मोठ्याने वाचू नका, शेजारच्या खाटेवरच्यांना त्याची गरज नाही.) हे बाळबोध वाटेल, पण आजकाल निम्मे सीटी मोबाइलवरच्या फोटोत दाखवले जातात, आणि फोटो काढणाऱ्याने मधला भाग मोठा दिसावा म्हणून कडा कापलेल्या असतात. त्या कडांवरच नाव, तारीख आणि बाजूची खूण असते. असा फोटो हातात आला तर त्यावरून बाजू सांगू नका. कन्सोलवर जा किंवा फिल्म मागवा.

मग बाजू. इथे दरवर्षी गोंधळ होतो, म्हणून जरा थांबू. सीटीचं चित्र असं मांडलेलं असतं की रुग्ण उताणा झोपलाय आणि आपण त्याच्या पायाकडून डोक्याकडे बघतोय. राउंडला तुम्ही खाटेच्या पायथ्याशी उभे असता ना, अगदी तसंच. तिथून रुग्णाचा उजवा हात तुमच्या डाव्या हाताला येतो. सीटीतही रुग्णाची उजवी बाजू पडद्याच्या डावीकडे असते. खाली जी वाकडी रेषा दिसते ती टेबलाची, म्हणजे खालची बाजू पाठीची. तरीही पाठांतरावर विसंबू नका, खात्री करा. हृदयाचं टोक आणि महाधमनीची कमान, म्हणजे एओर्टिक आर्च, रुग्णाच्या डावीकडे जाते. ती पडद्यावर आपल्या उजवीकडे दिसली पाहिजे. तशी दिसली नाही तर फिल्म उलटी लावलीय, अक्षरंही उलटी दिसतील. अक्षरं सुलटी आणि तरी हृदय उजवीकडे असेल, तर तो जन्मजात उलट रचना असलेला विरळा रुग्ण. पण आधी फिल्म तपासा.

बाजूवर आम्ही एवढा वेळ का घालवतोय? आपल्या रुग्णाला रक्त पडतंय. ज्या बाजूच्या फुप्फुसातून रक्त येतंय ती बाजू खाली करून रुग्णाला कुशीवर झोपवायचं असतं, म्हणजे रक्त चांगल्या फुप्फुसात उतरत नाही. इंटर्न "लेफ्ट" म्हणाला तर सिस्टर डावी कूस देतात. आजार उजवीकडे असेल तर आपणच रक्ताला चांगल्या फुप्फुसाची वाट दाखवली.

आम्ही स्वतः शिकत होतो तेव्हा हे केलेलं आहे. कुठे ते सांगत नाही. घाईत फिल्म उलटी लावली, "डावीकडे" म्हणून सांगितलं, रुग्णाला डाव्या कुशीवर केलं. अर्ध्या तासाने सिस्टर म्हणाल्या, "डॉक्टर, याची घरघर तर उजवीकडे जास्त आहे, आणि कूस दिल्यापासून ऑक्सिजन उतरतोय." फिल्म पुन्हा लावून बघितली. त्यात लिहिलेलं रुग्णाचं नाव उलटं वाचावं लागत होतं. रुग्ण वाचला, तो सिस्टरांच्या स्टेथोस्कोपमुळे.

बाजू झाली की पातळी. "हा स्लाइस कुठला" हे सांगायला बरगड्या मोजायच्या नाहीत, मधल्या रक्तवाहिन्या बघायच्या. आपल्या निवडलेल्या स्लाइसमध्ये मध्यभागी एक लांबट, केळ्यासारखी वाकडी रक्तवाहिनी पुढून मागे, रुग्णाच्या डावीकडे गेलेली आहे. ती आर्च. तिच्या उजव्या अंगाला काळा गोल, ती श्वासनलिका. तिच्याही उजवीकडे, जरा पुढे, वरची महाशीर, म्हणजे एसव्हीसी. म्हणून आपण म्हणतो, "एओर्टिक आर्चच्या पातळीवरचा स्लाइस." याच्या खाली गेलं की श्वासनलिका दोन नळ्यांत फुटते, ती कॅरायना. आणखी खाली हृदयाचे कप्पे, आणि शेवटी यकृताची घुमटी. एवढ्या चार खुणा आल्या तरी राउंडपुरतं भागतं.

पातळीनंतर विंडो. जे डॉक्टर नाहीत त्यांच्यासाठी: सीटीतल्या प्रत्येक ठिपक्याला घनतेचा एक आकडा असतो. पाणी म्हणजे शून्य, हवा म्हणजे उणे १०००, चरबी उणे १०० च्या आसपास, स्नायू साधारण ४० ते ६०, हाड कितीतरी वर. या आकड्याला हाउन्सफील्ड युनिट म्हणतात. ज्या गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने १९७१ मध्ये लंडनमध्ये पहिल्या रुग्णाचा सीटी झाला, त्यांचं हे नाव. आपल्या डोळ्यांना करड्या रंगाच्या एवढ्या छटा ओळखता येत नाहीत, म्हणून यंत्राला सांगावं लागतं की कोणत्या आकड्यांमधला फरक मला मोठा करून दाखव. लंग विंडो साधारण उणे ६०० भोवती १५०० रुंदीची असते, तीत फुप्फुसाचं जाळं दिसतं. मीडियास्टायनल विंडो ४० भोवती ४०० रुंदीची असते, तीत रक्तवाहिन्या, गाठी, पोकळीतला ऐवज दिसतो. चित्र एकच, फक्त चष्मा बदलला.

इंटर्न एकाच विंडोत सगळं सांगून मोकळे होतात. मीडियास्टायनल विंडोत फुप्फुस नुसतं काळंकुट्ट दिसतं, आणि त्यावरून "लंग फील्ड्स क्लिअर" म्हणणारे आम्ही पाहिलेत. म्हणून आधी लंग विंडोत दोन वाक्यं, मग "मीडियास्टायनल विंडोत" असं स्पष्ट म्हणून पुढची दोन.

आता मुख्य गोष्ट. आपल्या रुग्णाच्या उजव्या फुप्फुसात, वरच्या लोबमध्ये, मागच्या बाजूला एक पोकळी आहे. माप ४.२ गुणिले ३.६ सेंटीमीटर. भिंत जास्तीत जास्त ४ मिलिमीटर जाड. भिंतीची जाडी सांगायची राहून जाते, आणि तीच विचारली जाते. भिंत १५ मिलिमीटरच्या वर, खडबडीत असेल तर कॅन्सरची शंका वाढते. पातळ भिंतीने कॅन्सर निघून जात नाही, पण विचार वेगळ्या दिशेने जातो.

पोकळी रिकामी नाही. आत २.६ सेंटीमीटरचा एक गोळा आहे, पाठीकडच्या भिंतीवर टेकलेला, आणि त्याच्या पुढे हवेची चंद्रकोर. रुग्ण उताणा आहे, म्हणजे गोळा सगळ्यात खालच्या जागी पडलाय, वाटीत गोटी पडावी तसा.

इथे जीभ आवरायची. "फंगल बॉल" हा शब्द आत्ता तोंडावर आलाय, पण अजून नाही. आधी आजूबाजूचं सांगा. पोकळीभोवती व्रणाचे पट्टे आहेत, त्यांनी ओढल्यामुळे जवळच्या श्वासनळ्या रुंद झाल्यात आणि मधली मोठी श्वासनलिका उजवीकडे सरकलीय. म्हणजे वरचा लोब आक्रसलाय. हे जुनं काम आहे, काही महिन्यांत होत नाही. पोकळीलगतचं फुप्फुसाचं आवरण जाड झालंय. आणि पोकळीच्या खालच्या भागात धुरकट छटा आहे, जिच्यातून रक्तवाहिन्या अजून दिसतात.

या शेवटच्या वाक्यात एक भेद दडलाय. धुरकट भागातून रक्तवाहिन्या दिसत असतील तर ती ग्राउंड ग्लास. दिसेनाशा झाल्या आणि फक्त हवेच्या नळ्या काळ्या उठून दिसत असतील तर कन्सॉलिडेशन. धुक्यातून विजेचे खांब दिसतात, भिंतीआडून दिसत नाहीत, एवढंच. रक्त पडणाऱ्या रुग्णात नवी ग्राउंड ग्लास म्हणजे बहुधा तिथे ताजं रक्त उतरलंय. पण बहुधाच. खोकताना रक्त दुसऱ्या बाजूलाही ओढलं जातं, म्हणून फक्त धुरकट छटेवरून रक्ताची बाजू ठरवू नका. आपल्या रुग्णात पोकळी, जाड आवरण आणि छटा तिन्ही उजवीकडे आहेत, म्हणून आपण ठामपणे उजवी बाजू म्हणतो.

मग विंडो बदला. मीडियास्टायनल विंडोत गोळ्याची घनता काँट्रास्टच्या आधी ३५ होती, नंतर ३८. म्हणजे काँट्रास्ट त्याने घेतलंच नाही. ज्याला रक्तपुरवठा आहे तो ऊतक काँट्रास्टने उजळतो. बुरशीचा गोळा, रक्ताची गुठळी उजळत नाहीत. पोकळीच्या भिंतीत वाढलेला ट्यूमर सहसा उजळतो. आणि भिंतीत एखादा ठिपका थेट रक्तवाहिनीइतका लख्ख उजळला, तर तो फुगलेल्या धमनीचा फुगवटा, जुन्या टीबीच्या पोकळीत फुटणारा. तो दिसला तर राउंड तिथेच थांबवून फोन करायचा असतो. आपल्याला तो दिसला नाही, आणि "दिसला नाही" हे मोठ्याने सांगायचं.

न दिसलेल्या गोष्टी सांगणं हे मांडणीतलं सगळ्यात दुर्लक्षित वाक्य. यादी लांब नको. आपल्या प्रश्नाशी संबंध असलेल्या तीन-चार पुरे. आपला प्रश्न: टीबी पुन्हा जागा झालाय का? तसं असतं तर फांदीला कळ्या फुटाव्यात तसे बारीक ठिपके दिसण्याची शक्यता होती, नवी कन्सॉलिडेशन, मधल्या गाठी वाढलेल्या. त्या नाहीत. म्हणून टीबी नाहीच, असं सीटी सांगू शकत नाही. पण "जागा झालाय" म्हणायला आधार चित्रात नाही, एवढं नक्की.

आणि जुनी फिल्म. आपल्याकडे नातेवाईक सगळे कागद एका पिशवीत घेऊन येतात, आणि ती पिशवी खाटेखाली असते. राउंडच्या आधी त्यांच्या मुलाला म्हणा, "दादा, पिशवी काढा जरा." आपल्या रुग्णाच्या पिशवीत टीबीचा कोर्स संपला तेव्हाचा सीटी निघाला. तीच पोकळी, त्याच जागी, रिकामी. म्हणजे पोकळी जुनी, गोळा नवा.

हे सगळं जोडून बोलल्यावर कसं ऐकू येईल ते म्हणून दाखवतो. राउंडला इंग्रजीत बोलावं लागेल, ते तुम्हाला जमतं. पण आधी घरी मराठीत बोलून बघा, कुठे काही न समजता नुसता शब्द टाकताय ते लगेच कळतं.

"सर, अठ्ठेचाळीस वर्षांचे पुरुष, सहा वर्षांपूर्वी टीबीचा उपचार पूर्ण, दोन आठवडे खोकल्यातून रक्त, काल रात्री साधारण १०० मिली. आज पहाटेचा काँट्रास्ट सीटी, रुग्ण उताणा, नाव आणि बाजू तपासली आहे. हा एओर्टिक आर्चच्या पातळीवरचा स्लाइस. लंग विंडोत उजव्या वरच्या लोबमध्ये मागे ४.२ बाय ३.६ सेंटीमीटरची पोकळी, भिंत ४ मिलिमीटरपर्यंत. आत २.६ सेंटीमीटरचा गोळा, खालच्या भिंतीवर टेकलेला, पुढे हवेची चंद्रकोर. भोवती व्रणाचे पट्टे, रुंद श्वासनळ्या, श्वासनलिका उजवीकडे ओढलेली, लगतचं आवरण जाड, पोकळीखाली ग्राउंड ग्लास. मीडियास्टायनल विंडोत गोळा काँट्रास्ट घेत नाही. भिंतीत धमनीचा फुगवटा दिसत नाही, गाठी नाहीत, पाणी नाही, दुसऱ्या फुप्फुसात नवं काही नाही. सहा वर्षांपूर्वी हीच पोकळी रिकामी होती. माझ्या मते जुन्या पोकळीत बुरशीचा गोळा, दुसरी शक्यता रक्ताची गुठळी. रुग्णाला उजव्या कुशीवर ठेवलं आहे."

हे दीड मिनिटात होतं. घड्याळ लावून आम्ही बघितलंय. नाव शेवटी आलं, आणि एकटं आलं नाही, दुसरी शक्यता सोबत घेऊन आलं.

पुढे काय झालं ते सांगतो, कारण क्रमाचा उपयोग तिथे दिसतो. मॅडमनी विचारलं, "गुठळी की बुरशी, कसं ठरवशील?" इंटर्नने सांगितलं, पालथं झोपवून थोडे स्लाइस परत घेऊ. "काका, जरा पालथं व्हा," म्हणून तेवढेच स्लाइस घेतले. गोळा पाठीकडून सुटून छातीकडच्या भिंतीवर आला. म्हणजे तो सुटा आहे, भिंतीला चिकटलेला ट्यूमर असा फिरत नाही. गुठळी मात्र फिरू शकते, म्हणून एवढ्यावर भागत नाही. रक्तात अॅस्परजिलसविरुद्धचं आयजीजी तपासलं, ते वाढलेलं निघालं. बेडक्यात टीबीचे जंतू दिसले नाहीत, सीबीनॅटही निगेटिव्ह. इथेही एक खाच आहे: आधी उपचार झालेल्या रुग्णात मेलेल्या जंतूंच्या अवशेषांमुळे सीबीनॅट पॉझिटिव्ह येऊ शकतो. म्हणून तो पॉझिटिव्ह आला असता तरी कल्चरची वाट बघावी लागली असती. कल्चर लावलंच, त्याला काही आठवडे लागतात.

समजा, पहिल्या वाक्यात "टीबीची कॅव्हिटी" म्हटलं असतं. रक्त पडतंय, जुना टीबी आहे, पोकळी आहे, त्याच दुपारी टीबीची औषधं सुरू झाली असती. त्यातलं रिफॅम्पिसिन यकृतातले एन्झाइम इतके वाढवतं की बुरशीवरची इट्राकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल ही औषधं रक्तात टिकतच नाहीत. महिन्याभराने कुणाला बुरशी सुचून ती गोळी दिली असती, तरी ती पोटात गेल्यासारखी आणि न गेल्यासारखी. रक्त पडतच राहिलं असतं.

आपल्या रुग्णाचं रक्त त्या रात्री थांबवण्यासाठी मांडीच्या धमनीतून नळी घालून पोकळीला रक्त पुरवणारी ब्राँकियल धमनी बुजवली. नळी घालणाऱ्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "बाजू कोणती, लोब कोणता?" उत्तर केसपेपरवर लिहिलेलं होतं. या उपायाने रक्त थांबतं, पण गोळा तिथेच राहतो आणि काही महिन्यांत, वर्षांत रक्त पुन्हा येऊ शकतं. म्हणून फुप्फुसाची ताकद तपासून तो लोब काढायचा का, यासाठी सर्जनचं मत घेतलं.

प्रश्न येतो की रेडिओलॉजीचा रिपोर्ट येणारच असतो, मग इंटर्नने हे कशाला करायचं? साधी गोष्ट आहे, रात्रीचा सीटी आणि सकाळचा रिपोर्ट यांच्यामध्ये रुग्णाला कूस द्यायची असते. शिवाय रिपोर्ट लिहिणाऱ्याकडे जो रिक्वेस्ट फॉर्म जातो, तो तुम्हीच भरता. त्यावर "सीटी थोरॅक्स, हिमॉप्टिसिस" एवढंच लिहून पाठवलं तर त्यांना सहा वर्षांपूर्वीचा टीबी कळत नाही, आणि पिशवीतली जुनी फिल्मही दिसत नाही. फॉर्मवर दोन ओळी जास्त लिहा आणि फिल्म सोबत पाठवा. रिपोर्ट आल्यावर तो तुमच्या मांडणीशेजारी ठेवून वाचा. फरक आढळला तर रेडिओलॉजीत जाऊन विचारा, तिथले लोक दाखवतात. आमच्या अनुभवात सगळ्यात जास्त फरक भिंतीच्या मापात पडतो, कारण नवे लोक लंग विंडोत मोजतात आणि तिथे भिंत असते त्यापेक्षा जाड दिसते.